'अनुमोदन' म्हणजे मंजुरी नव्हे

प्रश्न : "पतसंस्थेच्या संचालक मंडळाचं प्रोसिडिंग कन्नडमध्ये आहे. सभासदांसाठी ते मराठीत, थोडक्यात करतोय. ठरावाखाली 'सर्वानुमतदिंद अनुमोदिसलायितु' आहे. 'ठरावाला एकमताने अनुमोदन देण्यात आले' असं लिहिलं तर चालेल का? (निपाणी)"

नाही चालणार. 'ठराव सर्वानुमते मंजूर झाला' असं लिहा. 'अनुमोदन' मात्र तिथून काढाच. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, जिथे कन्नड प्रोसिडिंगचं मराठी होतं तिथे हा शब्द चुकीच्या जागी बसलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता राग येतो.

कन्नडमध्ये 'अनुमोदने' म्हणजे मंजुरी, आणि ठराव उचलून धरणाराही तिथे 'अनुमोदक'च. एकच शब्द दोन कामं करतो. मराठी सभेत ती कामं वेगळी आहेत : सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला अनुमोदन देतो, आणि मंजूर करते ती सभा. 'अनुमोदन देण्यात आले' वाचून मराठी सभासदाला एवढंच कळतं की कुणीतरी ठराव उचलून धरला. तो पुढे मंजूर झाला की फेटाळला गेला, हे कळतच नाही.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. 'मुद्' म्हणजे आनंदणे. मोद, प्रमोद, आमोद त्यातूनच आले आणि आपला मोदकही. 'अनु' म्हणजे मागोमाग. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या कृतीत मागोमाग आनंदाने सामील होणं. आपल्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या जैन घरांत हे वेगळं सांगावं लागत नाही. 'कृत, कारित, अनुमोदित' हे त्रिकूट तिथे माहीत असतं : स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनाने दिलेली साथ. अनुमोदणारा कर्ता नसतो. माझं ठाम मत असं की याच कारणाने सभा स्वतःच्या ठरावाला अनुमोदन देऊ शकत नाही. निर्णयाची कर्ती तीच आहे, तिने कुणाच्या मागोमाग जायचं? काही परिभाषाकार म्हणतात, संस्कृतात संमती हाही अर्थ आहे, मग हरकत कसली? अर्थ आहे, मान्य. पण ज्या कागदावर तीन ओळी आधी 'अनुमोदक : अमुक' छापलंय, त्याच कागदावर तोच शब्द निकालासाठी वापरणं हा निष्काळजीपणा आहे. त्याला संस्कृतचा आधार कशाला द्यायचा?

'एकमताने' तुमच्या ठरावापुरतं चालेल, पण त्यातही एक धोका आहे. खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेचा मराठी सारांश माझ्याकडे तपासायला आला होता. नऊ संचालक हजर, ठरावाच्या बाजूने चार, विरोधात तीन, तटस्थ दोन. अनुवादकाने 'एका मताने मंजूर' लिहिलं, ते बरोबरच होतं. टाइप करणाऱ्याने ते जोडून 'एकमताने मंजूर' केलं. विरोध करणारे तिघं कागदावर ठरावाच्या बाजूचे झाले! 'एका मताने' म्हणजे एका मताच्या फरकाने. 'एकमत' हा समास असल्याने त्यात 'एक'चं 'एका' होत नाही. एवढ्याशा काना आणि मोकळ्या जागेवर अर्थ उलटतो, म्हणून आकडे लिहावेतच.

त्या सारांशात तटस्थ दोघांना गाळलंही होतं, 'थोडक्यात' म्हणून. आता चार विरुद्ध तीन हे मत देणाऱ्या सातांचं बहुमत आहे, पण हजर नऊजणांचं नाही, त्याला पाच लागतात. पोटनियमात बहुमत हजर सभासदांचं हवं की हजर राहून मत देणाऱ्यांचं, यावर ठराव टिकतो की पडतो. 'तटस्थ 2' गाळलं की वाचणाऱ्याला ते तपासताच येत नाही. आणि तटस्थ कुणी असेल तर 'सर्वानुमते'ही लिहू नये. अनुमत म्हणजे दिलेली संमती, आणि गप्प बसलेल्याने ती दिलेली नसते. तिथे 'विरोधात कोणी नाही, तटस्थ 2' असं सरळ लिहावं.

काटछाट करायची ती चर्चेत. कोण काय बोललं याची दोन पानं चार ओळींत आणा. ठरावाचा मजकूर मात्र शब्दशः उतरवा. त्याच संस्थेच्या ठरावात तिजोरी '4,80,000 रुपये मीरदंते', म्हणजे त्या रकमेच्या वर न जाता घ्यायची होती. सारांशात ती '4,80,000 रुपयांची तिजोरी' झाली. कमाल मर्यादा होती, तिची किंमत झाली. मी ते असं करून दिलं :

"ठराव : शाखेसाठी तिजोरी 4,80,000 रुपयांपेक्षा जास्त नाही इतक्या खर्चात खरेदी करावी. बाजूने 4, विरोधात 3, तटस्थ 2. ठराव बहुमताने मंजूर."

वर सूचक आणि अनुमोदक यांची नावं मुळात होती तशीच ठेवली.