महामृत्युंजय मंत्र पदपाठात का नाही?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘ऋग्वेद व्यासांनी एकत्र केला म्हणतात, पण कधी आणि कशासाठी, हे कुठेच नीट सापडत नाही’ अशी तुझी तक्रार आहे. ती रास्तच आहे. त्याचं उत्तर पोथ्यांत मिळत नाही. भांडारकर संस्थेतल्या ज्या 30 पोथ्यांची 2007 साली युनेस्कोने नोंद घेतली, त्यांतली एक काश्मिरातली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली आहे. पण ती काय किंवा दक्षिणेतली एखादी काय, संहितेचा पाठ जवळजवळ अक्षर न् अक्षर तोच निघतो. लिहिण्याआधी शेकडो वर्षं ग्रंथ तोंडपाठ राहिला आणि पाठांतरानेच तो घट्ट झाला. महाभारतासारखे पाठभेद मांडून इथे थर सुटत नाहीत. थर शोधायचे ते सूक्तांच्या क्रमातून.

म्हणून आधी एक काम कर. सातवं मंडल उघड आणि अग्नीच्या सूक्तांतल्या ऋचा मोज. पहिल्यात 25, मग 11, 10, 10, 9, 7, 7, 7, 6, 5, 5, 3, 3, 3. कवींना अशा उतरत्या भाजणीने सुचत नसतं. कुणीतरी मोजून लावलेली ही चळत आहे. दुसऱ्या ते सातव्या मंडलांपर्यंत, म्हणजे एकेका ऋषिघराण्याची म्हणून ज्यांना आपण वंशमंडलं म्हणतो त्या सहांत, हीच पद्धत दिसते: आधी अग्नी, मग इंद्र, मग बाकीच्या देवता, आणि एका देवतेच्या सूक्तांत मोठं आधी, लहान मागून. बेर्गेन या फ्रेंच अभ्यासकाला हे लक्षात आलं आणि 1888 साली जर्मन अभ्यासक हर्मान ओल्डेनबर्ग यांनी त्यावरून अख्खी संहिता तपासली.

आता त्याच रांगेत पुढे जा. पंधराव्या सूक्तात एकदम 15 ऋचा येतात, सोळाव्यात 12. नियम मोडला का? घाई करू नकोस. पंधरावं सूक्त तीन-तीन ऋचांच्या पाच तृचांचं आहे, सोळावं दोन-दोन ऋचांच्या प्रगाथांचं. तीन ऋचांच्या सूक्तांनंतर तीन ऋचांचे गट, मग दोनांचे. रांग मोडत नाही, आपणच एकक चुकीचं धरलेलं असतं. गायत्री मंत्र ज्यात आहे ते 3.62, म्हणजे तिसऱ्या मंडलातलं 62 वं सूक्त, असंच आहे. त्याच्या आधीच्या चार सूक्तांत 9, 9, 7, 7 ऋचा, आणि ह्यात 18. पण वाचून बघ, दर तीन ऋचांनी देवता बदलते: इंद्रावरुण, बृहस्पती, पूषा, सविता, सोम, मित्रावरुण. सहा छोटी सूक्तं एका गाठीत बांधली आहेत. गायत्री मंत्र क्रमाबाहेरचा नाही, तो आपल्या जागी आहे.

हे आधी सांगितलं कारण नवा अभ्यासक इथेच घसरतो. क्रमात न बसणारं दिसलं की तो लगेच ‘प्रक्षिप्त’ म्हणून मोकळा होतो. आधी छंद बघ, देवता बघ, सूक्त फुटतं का ते बघ. एवढं करूनही जे बसत नाही आणि ज्याच्याविरुद्ध दुसरा स्वतंत्र पुरावाही उभा राहतो, तिथेच बोलायला जागा आहे.

असं एक ठिकाण सातव्या मंडलातच आहे. मरुतांची सूक्तं 56 पासून सुरू होतात: 25, 7, 6 आणि मग 59 व्यात 12. ह्या सूक्तात पहिल्या सहा ऋचा प्रगाथांच्या, मग दोन त्रिष्टुभ, मग तीन गायत्री. सूक्त फोडलं की बरंचसं जमतं. उरते बारावी ऋचा. तिचा छंद अनुष्टुभ, देवता मरुत नव्हे तर रुद्र, आणि ती एकटीच. ‘त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पुष्टिवर्धनम्’, म्हणजेच महामृत्युंजय मंत्र. दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्यापैकी कितीजणांनी ती म्हटली असेल!

आता पदपाठ काढ. शाकल्यांनी संहितेतला संधी सोडवून प्रत्येक पद वेगळं लिहून दिलं. हे काम पाणिनींच्या आधीचं आहे, कारण पाणिनी शाकल्यांचं नाव घेऊन त्यांचं मत सांगतात. दहा हजारांवर ऋचांची पदं शाकल्यांनी सोडवली आणि सहा ऋचा तशाच ठेवल्या. त्या सहांत ही एक आहे. संहितेत ती आहे, पदपाठात तिची पदं सुटत नाहीत. क्रम एक सांगतो, छंद तेच सांगतो, देवता तेच सांगते, आणि ह्या तिन्हींशी संबंध नसलेला पदपाठही तेच सांगतो. असे चार साक्षीदार एका ठिकाणी भेटले की विश्वास ठेवावा.

पण ते नेमकं काय सांगतात? एवढंच, की वासिष्ठांचं हे सातवं मंडल लावलं गेलं तेव्हा ही ऋचा त्या रांगेत नव्हती, आणि शाकल्यांच्या परंपरेत तिला इतर ऋचांचा दर्जा नव्हता. ती नवी होती किंवा खोटी होती असं त्यातून निघत नाही. यजुर्वेदाच्या संहितांत ती साकमेध या यज्ञविधीतल्या त्र्यंबक होमात येते. वाजसनेयी संहितेत तर तिला जोडीदारही आहे: ‘त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम्’, पती मिळवून देणाऱ्या त्र्यंबकाची मुलींनी करायची प्रार्थना. म्हणजे हा मंत्र यज्ञ करणाऱ्यांच्या, घरातल्या मुलीबाळींसकट रुद्राला भाग देणाऱ्यांच्या तोंडी होता. तिथून तो ऋग्वेदाच्या दारात आला आणि मरुत रुद्राचे पुत्र म्हणून त्यांच्या शेवटी त्याला जागा मिळाली, असं मला वाटतं. क्रमाबाहेरचं म्हणजे उशिरा रचलेलं नव्हे, उशिरा आत घेतलेलं. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

त्या सहांतली दुसरी एक ऋचा माझ्या फार जवळची आहे. हिरण्यगर्भ सूक्त तुला पाठ असेल. नऊ ऋचा, आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच प्रश्न: ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कोणत्या देवाला आम्ही हवी द्यावा? कवी नऊ वेळा विचारतो आणि सोडून देतो. दहावी ऋचा मात्र उत्तर देते: ‘प्रजापते, तुझ्याहून दुसरा कुणी नाही.’ पदपाठ नवव्या ऋचेपाशी थांबतो. ही दहावी ऋचाही यजुर्वेदात वेगळी सापडते. प्रजापतीला सगळ्या यज्ञाचा धनी मानणारी माणसं ब्राह्मणग्रंथांतून आपल्याला ओळखीची आहेत. ‘कस्मै’तला ‘क’ म्हणजेच प्रजापती हेही तीच सांगतात. त्यांना हा प्रश्न उघडा ठेववला नाही. एका ऋचेत दोन पिढ्यांचा स्वभाव दिसतो आणि दोघांचाही मला आदर वाटतो.

संग्रह बंद होताना उच्चारही गोठला, तेही ऐक. त्र्यंबक मंत्राचा पहिला पाद बोटांवर मोज: त्र्यम्, ब, कं, य, जा, म, हे. सात अक्षरं झाली. अनुष्टुभाला आठ लागतात. ‘त्रियम्बकं’ म्हटलं की आठ भरतात. गायत्रीचंही तसंच, ‘वरेण्यं’ म्हटलं तर सात, ‘वरेणियं’ म्हटलं तर आठ. कवीच्या तोंडचा उच्चार एक आणि संहिता पक्की करणाऱ्यांचा दुसरा. मधल्या काळात भाषा सरकली होती. तो दुसरा उच्चारच पुढे प्रातिशाख्य या उच्चारशास्त्राच्या ग्रंथाने नियमांत बांधला, आणि क्रम, जटा, घन अशा पाठांनी तो हलू दिला नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न: हे लावणारे कोण? नाव सांगता येत नाही, पण त्यांची जागा ओळखू येते. तिसऱ्या मंडलात, 3.53 च्या शेवटी, चार ऋचा आहेत. परंपरा त्यांना ‘वसिष्ठद्वेषिणी’ म्हणते, विश्वामित्रांच्या घरातले वसिष्ठांना दिलेले शाप. निरुक्त या वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या ग्रंथावर टीका लिहिताना दुर्गाचार्य त्यांतल्या एका ऋचेपाशी येतात आणि सांगतात, मी कापिष्ठल वासिष्ठ आहे, म्हणून हिचा अर्थ सांगत नाही. इतक्या शतकांनंतरही ती ऋचा एका विद्वानाला बोचत होती. आणि तरीही संहितेत ती आहे, वासिष्ठांचं अख्खं मंडलही आहे. वासिष्ठांनी संग्रह केला असता तर त्या चार ऋचा आत आल्या असत्या का?

राजांचंही तसंच. 7.18 मध्ये भरतांचा राजा सुदास परुष्णीकाठी, म्हणजे आजच्या रावीकाठी, जिंकतो आणि वासिष्ठ कवी शत्रुपक्षातल्या पूरू जमातीला वाईट वाणीची म्हणतो. चौथ्या मंडलात मात्र पूरूंच्या त्रसदस्यूचं कौतुक आहे. वैरी घराण्यांचा ठेवा एका छपराखाली आलाय, आणि तो एकाच मोजमापाने लावलाय. हे करणारं केंद्र त्या भांडणांच्या वरचं असणार. वेदांचे अभ्यासक मायकेल विट्झेल ते कुरूंच्या राज्यात ठेवतात, जिथे भरत आणि पूरू एकत्र आले. त्याला आधार देणारी एक खूण दहाव्या मंडलात आहे: 10.33 मध्ये त्रसदस्यूच्या वंशातल्या राजाचं नाव कुरुश्रवण आहे. मला हे अनुमान पटतं, पण ते अनुमान आहे. सातव्या मंडलातली भाजणी मात्र कुणीही बोटांवर मोजून पाहू शकतं. प्रबंधात ह्या दोन गोष्टी एकाच सुरात लिहू नकोस.

प्रत्येक सूक्ताचा ऋषी, देवता, छंद सांगणारी जी सूची, त्या अनुक्रमणीतल्या ऋषींच्या नावांवरही फार भार टाकू नकोस. काही नावं सूक्तातल्याच शब्दांवरून घेतलेली असतात. वंशमंडलांत घराण्याचं नाव बहुधा खरं, पहिल्या आणि दहाव्या मंडलांत प्रत्येक नाव तपासून घ्यावं लागतं. ही दोन मंडलं मागाहून दोन्ही बाजूंना जोडली, दोघांतही सूक्तं 191च आहेत, आणि हा आकडा योगायोगाने जुळला असं मला वाटत नाही.

वैदिक संशोधन मंडळाची सायणभाष्यासहची आवृत्ती तुमच्या ग्रंथालयात असेलच. पदपाठाने सोडलेल्या सहांतल्या उरलेल्या चार ऋचा 10.20.1 आणि 10.190 च्या तीन. ‘ऋतं च सत्यं च’ हे 10.190 तू संध्येत रोज म्हणतोस. दहाव्या मंडलात वंशमंडलांसारखी देवतावार रांग नाही, तेव्हा 7.59 ची पद्धत तशीच इथे चालणार नाही. कोणता पुरावा लागू पडतो आणि कोणता नाही, ते दोन पानांत लिहून पाठव. वाट बघतोय.

तुझा,
जुना शिक्षक