रागाची उतरंड: वैतागापासून क्षोभापर्यंत

प्रश्न: आमच्या इमारतीच्या पाण्याबद्दल पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र लिहितोय. वैताग, चिडचिड, राग, चीड, संताप, क्रोध, रोष हे शब्द सौम्य ते तीव्र असे कसे लावायचे? आणि पत्रात कोणते शोभतात?

उत्तर: क्रम लावायला एक सोपी युक्ती आहे. ‘नुसता अमुक नाही, तमुक’ या साच्यात दोन शब्द घालून पाहा. ‘नुसता वैताग नाही, राग आला’ हे कानाला बरोबर लागतं. ‘नुसता राग नाही, संताप आला’ हेही चालतं. उलट करून ‘नुसता संताप नाही, राग आला’ म्हटलंत की वाक्य लंगडतं. अशा जोड्या लावत गेलात की बोलण्यातला क्रम साधारण असा निघतो: कुरकुर, चिडचिड, वैताग, राग, चीड, संताप.

यात चिडचिड आणि चीड यांच्यातलं अंतर बघण्यासारखं आहे. शब्द दोनदा आला म्हणजे जोर वाढला असं वाटतं, पण इथे उलट आहे. चिडचिड बारीक आणि सारखी चालू राहणारी; उकाड्याने होते, झोप नीट नाही झाली तरी होते, तिला धड कारणही लागत नाही. चीड मात्र कशाची तरी येते, आणि बहुधा अन्यायाची किंवा खोटेपणाची. बस चुकली तर चीड येत नाही. कंडक्टरने म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम खाली उतरवलं तर येते. त्यामुळे राग आणि चीड यांत तीव्रतेपेक्षा जातीचा फरक जास्त आहे. त्राग्याचंही तसंच. त्रागा करणारा समोरच्यावर उखडण्याऐवजी स्वतःलाच त्रास करून घेतो, ‘मी जेवणारच नाही’ म्हणतो. त्याला वरच्या क्रमात कुठे बसवू नका.

क्रोध मी मुद्दाम बाहेर ठेवला. बरेच जण तो सगळ्यात वर टाकतात, पण ‘काल मला क्रोध आला’ असं घरात कोण म्हणतं? क्रोध षड्रिपूंमध्ये असतो, कीर्तनात असतो, रौद्र रसाचा स्थायीभाव म्हणून असतो. तो दोष म्हणून सांगायचा शब्द आहे, तक्रार म्हणून नाही. (जाता जाता: गीतेत ‘वीतरागभयक्रोधः’ असा समास आहे. मराठी वाचक तिथे अडखळतो, राग आणि क्रोध दोन्ही कसे? संस्कृतातला तो राग म्हणजे आसक्ती. ‘अनुराग’मध्ये आहे तोच.) कोप तर देवाचा किंवा निसर्गाचा. वॉर्ड ऑफिसवर आपला कोप होत नाही.

आता पत्र. इथे दुसरी कसोटी लावा: शब्दापुढे ‘व्यक्त करणे’ बसतं का? नाराजी, असंतोष, रोष, संताप व्यक्त करता येतात. चिडचिड आणि वैताग व्यक्त करता येत नाहीत. ते होतात किंवा येतात. म्हणून औपचारिक मराठीची उतरंड वेगळीच आहे: नाराजी, तीव्र नाराजी, असंतोष, रोष, क्षोभ. न्यायालयाने एखाद्या खात्याला झापलं तरी बातमीत ‘तीव्र नाराजी व्यक्त केली’ असंच येतं. नाराजी एकट्याची असू शकते. असंतोष आणि रोष शक्यतो अनेकांचे लिहावेत. क्षोभ बहुधा ‘जनक्षोभ’ म्हणूनच भेटतो, आणि तो पाण्याच्या एका लाइनसाठी फार मोठा होतो.

आमच्या सोसायटीने एकदा असंच पत्र दिलं होतं, मसुदा माझाच. पहिलं वाक्य होतं, ‘आम्ही संतप्त रहिवासी आपणास कळवतो की...’ तिथल्या कारकुनाने ते वाचून विचारलं, मोर्चा आणताय का? त्याचं चुकलं नव्हतं. ‘संतप्त’च्या पुढे वर्तमानपत्रात ‘जमावाने’ येतं आणि त्याच्या पुढे दगडफेक. दुसऱ्या मसुद्यात ‘त्रस्त रहिवासी’ केलं. त्रस्तमध्ये राग नाही, त्रास आहे, आणि तो कोणी दिला हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

तुमचं पहिलंच पत्र असेल तर भावनेचा शब्दच नको. ‘गेले 9 दिवस पाणी सकाळी फक्त 20 मिनिटे येते’ एवढं पुरे. स्मरणपत्रात लिहा: ‘पहिल्या अर्जाला उत्तर न मिळाल्याने रहिवाशांमध्ये नाराजी आहे.’ तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर ‘तीव्र असंतोष’ वापरा, आणि कर्ता ‘मी’ ठेवू नका, ‘रहिवाशांमध्ये’ ठेवा. ‘रोष’ चौथ्या पत्रासाठी, ज्याची प्रत नगरसेवकाला जाते त्यासाठी, राखून ठेवा. पहिल्याच पत्रात तो खर्च केलात तर पुढे चढायला पायरी उरत नाही.

आणि ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहा. तिथे ते शोभतं.