जुळ्यांच्या वाढदिवसाला दोघांची ओळख वेगळी ठेवणारं कॅप्शन कसं लिहावं?

प्रश्न: माझ्या जुळ्या मुलांचा वाढदिवस आहे. दरवेळी 'डबल धमाल'च सुचतं. दोघं वेगवेगळे दिसतील असं काय लिहू?

आमच्याकडेही जुळ्या आहेत, सहा पूर्ण झाल्या. घरातली नावं माऊ आणि चिमी. 'डबल धमाल' मीही वापरलंय. मग शहाणपणा करून एका वर्षी 'एक वादळ, एक शांत' असं लिहिलं. आत्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर चिमी म्हणाली, "मी शांत नाहीये. माऊ बोलत असते ना, म्हणून."

तिचं बरोबर होतं. 'शांत' हे चिमीचं वर्णन नव्हतंच, ते माऊशी तुलना करून काढलेलं होतं. तेव्हापासून कॅप्शन लिहिलं की मी दोन गोष्टी करून बघते. नावांची अदलाबदल करते. तरीही वाक्य चालत असेल ('आमची लाडकी परी' कुणालाही चालतं) तर खोडते. मग दुसरीचा उल्लेख हाताने झाकते. त्याने वाक्य लंगडं पडलं, तर ती तुलनाच असते.

स्वभावाच्या नादी लागू नका, त्याच वर्षातला एक प्रसंग घ्या. यंदाची आमची दोन कॅप्शन अशी:

"माऊ ६. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढली, वर पोचल्यावर म्हणाली, लेस तर खालीच सुटली होती."

"चिमी ६. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेला नाक लावून उभी राहिली. घरी आजीच्या जुन्या साडीचा अजगर केला, तो अजून सोफ्याखाली राहतो."

दोघीही त्या दिवशी पर्वतीवर होत्या आणि कात्रजलाही. तरी लेस माऊचीच आणि अजगर चिमीचाच.

आता मांडणी. इन्स्टावर एका पोस्टला कॅप्शन एकच असतं आणि सुरुवातीच्या एक-दोन ओळींनंतरचं more दाबल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे जिचं नाव दुसरं, तिचा मजकूर बहुतेकांना दिसतच नाही. म्हणून आम्ही दोन पोस्ट करतो, प्रत्येकीचा एकटीचा फोटो लावून. व्हॉट्सअॅप स्टेटसही दोन. 'जुळ्यांच्या दोन पोस्ट कशाला?' असं नातेवाईक विचारतातच. औक्षणाला तरी कुठे दोघींना एकदम ओवाळतो? एकीला कुंकू लावून, अक्षता टाकून ओवाळायचं, मग दुसरीला. पहिला पाट कुणाचा, हे आमच्याकडे दरवर्षी बदलतं, आणि पोस्टचा क्रमही त्याच पाटाप्रमाणे.

दोघींचा एकत्र फोटो टाकायचाच असेल तर त्याखाली नुसती दोन नावं आणि तारीख लिहा. 'जोडी', 'टीम', 'राम-लक्ष्मण' नको. आणि लिहिलेलं आधी मुलांना वाचून दाखवा. माऊने यंदा एक शब्द बदलायला लावला: मी 'बुटाची लेस' लिहिलं होतं, तिच्या मते ते बूट नव्हते, शूज होते. वाद नको म्हणून मी 'बुटाची' काढूनच टाकलं.