हा बांगडा नव्हे

“मॅडम, मशीन आठ सेकंदांत चित्र काढतं. मी दहा वर्षं हात घासला. आता हे सोडून नोकरी बघू का?”

मी समुपदेशन करते. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच तो ओळखू येतो. चित्रकार येतात, जाहिरातीचा मजकूर लिहिणारे येतात, लग्नपत्रिका करणारेसुद्धा. यातली एक मुलगी मालवणची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

होमस्टेचे फलक, मेनूकार्ड, कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं आणि दुकानांच्या फेसबुक पोस्ट, असं तिचं काम. पहिल्या भेटीत तिने मोबाइल पुढे केला. तारकर्लीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मेनूकार्डासाठी स्वतःच एआयकडून बनवून घेतलेलं चित्र होतं ते: मासळीबाजार, टोपल्या, हसणारी बाई.

“बघा. मला विचारलंसुद्धा नाही.”

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. ‘काम गेलं’ आणि ‘मी संपले’ या दोन वाक्यांमधली उडी माणूस कुठे मारतो, तेवढंच मी शोधते. पण तीन भेटी झाल्या तरी ती जागा हाती लागेना. दर वेळी ती म्हणायची, “चांगलं आहे ना पण चित्र!” चौथ्या भेटीत मी तेच चित्र पुन्हा उघडायला लावलं आणि विचारलं, “मी घाटावरची, मला मासे कळत नाहीत. यातला बांगडा कुठला?”

ती बघत राहिली. मग बोटांनी चित्र मोठं केलं.

“ह्यो बांगडो न्हय.”

माझ्याशी ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली. मग थांबेचना. बांगड्याच्या पाठीवरच्या गडद रेघा पापलेटासारख्या चपट्या माशाला दिल्या होत्या. शेपटीजवळचे बारीक पर नव्हतेच. बाई हातात सुरी धरून मासा कापत होती. “आमच्याकडे आडाळ्यावर पाय देऊन बसतात, मासा दोन्ही हातांनी पात्याकडे नेतात.” वरच्या पाटीवरच्या ‘मासळी’ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली होती. हे सगळं तिने दहा मिनिटांत सांगितलं, आणि मशीनला यातलं काही कळत नाही हे तिला माझ्याशिवाय कळलं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर थोडी खूश होते, हे कबूल करते.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. तिने गिऱ्हाइकाला चुका दाखवल्या. तो म्हणाला, “मग तेवढं नीट करून दे.” ८०० रुपये ठरले. अशा कामांत इथेच फसायला होतं. ते चित्र होतं १०२४ पिक्सेल रुंद. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ते जेमतेम साडेतीन इंच पुरतं, आणि ए-४ मेनूकार्डाची रुंदी सव्वाआठ इंचांच्या वर. सॉफ्टवेअरने ताणून मोठं केलं तेव्हा खवले मेणासारखे वितळले. शेवटी मासे, हात, अक्षरं सगळं तिला नव्याने काढावं लागलं. पाच तास गेले. मी तिला वहीत तास लिहायला सांगितलं होतं, म्हणून हिशोब उघड दिसला: नवं चित्र सात तासांत होतं आणि त्याचे २५०० मिळतात, म्हणजे तासाला साधारण ३५७ रुपये. या दुरुस्तीचे तासाला १६० पडले.

तेव्हापासून ती आयतं चित्र आलं की आधी फक्त तपासते आणि त्याचे ३०० रुपये घेते. काय चुकलंय, छापायला किती मोठं लागेल, हे कागदावर लिहून देते. दुरुस्ती नव्या चित्राच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ खाणार असेल, तर सरळ नव्या चित्राचा भाव सांगते. काही गिऱ्हाइकं कागद घेऊन निघून जातात. जाऊ देत, तपासणीचे पैसे मिळालेले असतात. रंगसंगतीचे कच्चे नमुने दाखवायला ती स्वतःही ते साधन वापरते. पण तिची रेखाटनं कुणी अशा साधनाला नमुना म्हणून देणार नाही, हे पावतीवर लिहून घेते. ही कल्पना तिचीच, मला सुचली नसती.

लिहिणाऱ्यांनाही मी हेच विचारते: तुमच्या जुन्या बिलांपैकी कुठल्या कामात चूक झाली असती तर गिऱ्हाइकाने तुम्हाला फोन केला असता? तिने अशी बिलं वेगळी काढली, तेव्हा लेबलं आणि मेनूकार्डं एका बाजूला पडली, सणांच्या शुभेच्छांच्या पोस्ट दुसऱ्या बाजूला. शुभेच्छांतला दिवा वाकडा असला तर कोण विचारतो?

त्या पोस्टची कामं परत आली नाहीत. येतील, असं मी तिला कधी म्हटलंही नव्हतं. त्या पोस्टमध्ये जायचे ते दोन दिवस ती आता शेजारच्या गावात मुलांना चित्रकला शिकवते.