हळदीचा भाव आधी बांधून ठेवायचा असेल तर

भाऊ, वायद्यात, म्हणजे पुढच्या महिन्याचा भाव आजच ठरवून केलेल्या सौद्यात, पिकाचा भाव कसा बांधायचा ते विचारलंत. सोयाबीनचा वायदा डिसेंबर २०२१ मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने थांबवला, म्हणून तुमच्या वाशीमच्या हळदीवरूनच सांगतो.

एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. तुमचं वाळवून, पॉलिश करून ६० क्विंटल निघेल असं वाटत असेल तर एकच लॉट विका. पिकापेक्षा जास्त विकला की तो सट्टा झाला.

समजा, जानेवारीत एप्रिलचा वायदा १३,००० रुपये क्विंटल आहे आणि आपल्या बाजारात भाव साधारण ४०० नं कमी असतो. तुम्ही लॉट विकला. एप्रिलमध्ये वायदा ११,००० वर आला, तर तो परत घेऊन सौदा मिटवा: क्विंटलमागे २,००० सुटले. माल मोंढ्यात १०,६०० ला गेला. हातात पडले १२,६००.

वायदा उलट १५,००० वर चढला, तर वायद्यात २,००० जातात, पण हळद १४,६०० ला विकते. तेच १२,६००. दलाली वेगळी.

खरी अडचण इथंच येते. वायद्यातला तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो, हळद मात्र अजून कढईत शिजत असते. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरलेली अनामत, सोडून आणखी लाखभर रुपये हाताशी नसतील तर दलाल सौदा मध्येच कापतो. माझा असाच कापला गेला होता. पुढं भाव पडला तेव्हा आधार उरला नव्हता.

आणि तो ४०० चा फरकही पक्का नसतो. ओल जास्त किंवा गट्टू, म्हणजे गोल कंद, जास्त असले की तो वाढतो. दोन हंगामांचे भाव वहीत लिहून पाहा, मगच लॉट विका.