बीटवर सूचना कधी द्यायची?

प्रश्न: एरोबिक्सच्या बॅचमध्ये पुढची स्टेप नेमकी कधी सांगायची? मी सांगते तेव्हा अर्धी बॅच मागेच राहते.

चालू स्टेपच्या शेवटच्या आठ बीट्समध्ये सांगून मोकळं व्हा. नव्या स्टेपच्या पहिल्या बीटला सांगितलंत, तर ऐकून पाय हलेपर्यंत एक-दोन बीट्स निघून जातात. एरोबिक्सचं संगीत 32 बीट्सच्या तुकड्यांत बांधलेलं असतं, म्हणजे चार अठ्ठे. त्यातला चौथा अठ्ठा तुमचा. समजा मार्चवरून ग्रेपव्हाइनवर जायचंय: पहिल्या बीटला ‘चार’, तिसऱ्याला ‘तीन’, पाचव्याला ‘दोन’ आणि सातव्याला ‘एक’ न म्हणता थेट ‘ग्रेपव्हाइन!’. मिनिटाला 128 बीट्स असतील तर हा अठ्ठा जेमतेम पावणेचार सेकंदांचा, म्हणून दिशा बोलत बसू नका, हातानं दाखवा. बॅचकडे तोंड असेल तर त्यांच्या उजवीकडे जायला तुमचा डावा हात (इथं सगळेच एकदा तरी फसतात). मी वर्ग घेते तेव्हा हेच वापरते. मात्र सिनेमातल्या गाण्यांत मधेच चार-आठ बीट्स जादा येतात, तिथं हे गणित कोलमडतं. असं गाणं घरी आधी मोजून घ्या.