बांधलेल्या दराची टंचाई

प्रश्न : "'कमाल किंमत ठरवून दिल्याने टंचाई निर्माण होते व कल्याणाची हानी होते' असे वाक्य वाचले. माल कमी आला की टंचाई होते, हे कळते. पण नुसता दर बांधल्याने टंचाई कशी होईल? इथे 'दुर्मिळता' हा शब्द हवा होता का? आणि ही 'हानी' नेमकी कोणाची?"

वाक्यातला 'टंचाई' हा शब्द योग्य आहे, तिथे 'दुर्मिळता' चालणार नाही. रोजच्या मराठीत आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि त्यात काही चूक नाही. अर्थशास्त्रात मात्र त्यांच्यात फरक करावा लागतो. दुर्मिळता म्हणजे गरजेच्या मानाने वस्तू थोडी असणे. टंचाई म्हणजे एका ठरावीक दराला लोक जेवढा माल मागतात आणि विकणारे जेवढा माल आणतात, त्या दोहोंमधली तफावत. त्यामुळे टंचाई सांगताना 'कोणत्या दराला' हे सांगावेच लागते.

कोकणात हा फरक चिऱ्याच्या व्यवहारात चांगला दिसतो. पावसाळ्यात चिरेखाणींत पाणी भरते, काम थांबते आणि बाजारात फक्त आधी काढून रचून ठेवलेला चिरा उरतो. तेव्हा चिरा दुर्मिळ होतो आणि महागही होतो. पण वाढलेला दर मोजायची ज्याची तयारी असते, त्याच्या दारात गाडी येऊन उभी राहते. महाग झाल्यामुळे काहींनी काम दिवाळीनंतर करायचे ठरवलेले असते, आणि जे मागणारे उरतात त्यांना माल पुरतो. म्हणून इथे दुर्मिळता आहे, टंचाई नाही. उलट ऐन हंगामात, सगळ्या खाणी चालू असतानाही, दर खाली बांधून दिला तर टंचाई होऊ शकते.

ती कशी होते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यात पुष्कळ खाणवाले आणि पुष्कळ गिऱ्हाइके आहेत, आणि कोणी एकटा दर हलवू शकत नाही. ४० रुपयांना एक चिरा या दराने दिवसाला १०,००० चिरे विकले जातात. मागणी आणि पुरवठा इथे जुळतात. दर एक रुपयाने उतरला की मागणी २०० चिऱ्यांनी वाढते, आणि पुरवठा ५०० चिऱ्यांनी घटतो, कारण ज्या खाणीत माती जास्त उपसावी लागते किंवा जिथून वाहतूक लांबची पडते, तिथले काम आधी परवडेनासे होते. आता ३४ रुपयांपेक्षा जास्त दराने चिरा विकायचा नाही, असा हुकूम निघाला असे समजू. खाणवाले ७,००० चिरे काढतील आणि लोक ११,२०० मागतील. मधली ४,२०० ची तफावत म्हणजे टंचाई. हुकुमात ४५ रुपयांची मर्यादा असती तर काहीच घडले नसते, कारण बाजारभाव मुळातच तिच्या खाली होता.

आता हानीकडे वळू. टंचाई आणि हानी या एकच आहेत असा समज अनेक लेखांतून होतो, तो काढून टाकायला हवा. टंचाई नगांत मोजतात, हानी रुपयांत. शिवाय ४,२०० पैकी १,२०० चिऱ्यांची मागणी केवळ दर उतरल्यामुळे नव्याने आलेली आहे, त्यामुळे ती अपुरी राहिली तरी पूर्वीच्या तुलनेत काही बुडाले असे होत नाही. बुडाले ते पूर्वी होत असलेले ३,००० चिऱ्यांचे व्यवहार.

आलेखावर खाली नग आणि उभ्या बाजूला दर मांडला, तर ७,००० व्या चिऱ्यापाशी मागणीची रेषा ५५ रुपयांवर असते आणि पुरवठ्याची ३४ वर. म्हणजे गिऱ्हाईक त्या चिऱ्याला ५५ पर्यंत मोजायला तयार आहे, खाणवाल्याला तो ३४ मध्ये परवडतो, आणि पुढचा चिरा मात्र निघत नाही. ही २१ रुपयांची दरी कमी होत होत १०,००० व्या चिऱ्यापाशी शून्य होते. या दोन रेषांमध्ये जो त्रिकोण पडतो त्याचे क्षेत्रफळ ३,००० गुणिले २१ च्या निम्मे, म्हणजे दिवसाला ३१,५०० रुपये. कल्याणाची हानी ती हीच, आणि तो पैसा कोणाच्याच खिशात जात नाही.

खाणवाल्यांचे नुकसान याहून मोठे, ५१,००० रुपयांचे असते. पण त्यातले ४२,००० रुपये, म्हणजे विकल्या गेलेल्या ७,००० चिऱ्यांमागचे सहा-सहा रुपये, गिऱ्हाइकांकडे वळतात. हे हस्तांतर आहे, हानी नाही. ज्यांना चिरा मिळाला नाही त्यांचे २२,५०० रुपयांचे संतोषाधिक्य, म्हणजे गिऱ्हाईक जेवढे मोजायला तयार होते आणि जेवढे मोजावे लागत होते त्यांतला फरक, बुडते. ते वजा जाता गिऱ्हाइकांना एकत्रितपणे १९,५०० रुपयांचा लाभ उरतो. दर बांधण्याचे समर्थन याच लाभाच्या आधारावर होते, आणि कागदावर ते खोटे नाही.

मात्र या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते : निघालेले ७,००० चिरे ज्यांना त्यांची सर्वांत जास्त निकड आहे त्यांनाच मिळतात, असे तो धरून चालतो. एका घराच्या भिंती मे महिन्यात लिंटलपर्यंत आल्या आहेत आणि पावसाच्या आत छप्पर चढायला हवे. तो मालक चिऱ्यामागे ८० रुपयेही देईल. शेजारच्याला परसात गडगा घालायचा आहे, आणि ३५ च्या वर त्याला ते परवडत नाही. दर ४० असताना गडगेवाला आपोआप बाजूला राहत होता. ३४ ला दोघेही रांगेत येतात, आणि कोणाला माल मिळेल हे खाणवाल्याची ओळख किंवा नशीब ठरवते. ७,००० चिरे सर्व मागणाऱ्यांत निव्वळ चिठ्ठ्या टाकून वाटले, तर आणखी ७३,५०० रुपयांचे संतोषाधिक्य जाते. हे नुकसान त्रिकोणाच्या दुपटीहून मोठे आहे, आणि मग १९,५०० चा लाभ पुसला जाऊन गिऱ्हाईकवर्गच ५४,००० रुपयांनी तोट्यात येतो. म्हणून त्रिकोणाला हानीचा किमान आकडा म्हणावे.

प्रत्यक्षात रांग फार काळ सरळ राहत नाही. पावती ३४ ची फाडायची आणि वरचे पैसे हातात घ्यायचे, कोपरे तुटलेला चिरा त्याच दराने गाडीत भरायचा, किंवा गाडीभाडे फुगवायचे, हे मार्ग निघतात. टंचाई ओळखण्याच्या खुणाही याच आहेत. मुंबईत १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली आणि घर मिळवण्यासाठी भाड्याशिवाय पागडी मोजण्याची रीत पक्की झाली, तो प्रकार याच जातीचा.

तुम्ही वाचलेल्या वाक्यात एक शब्द राहून गेला आहे : 'स्पर्धेच्या बाजारात'. साऱ्या खाणी एकाच मालकाच्या हाती असत्या आणि तो दर चढा ठेवण्यासाठी मुद्दाम कमी चिरा काढत असता, तर नीट ठरवलेल्या कमाल किमतीने माल कमी न होता वाढलाही असता, कारण कमी काढून दर चढवण्याचा त्याचा फायदाच संपला असता.